घास तोंडातच फिरतो : कोरडं तोंड, चार गोळ्या आणि वाढलेली शुगर

६३ वर्षांच्या एक काकू, डायबेटिस ११ वर्षांचा, बीपी त्याहून जुना. बरीच वर्षं माझ्याकडेच येतात. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत, बाकी सगळं जसं घडलं तसं लिहितोय, कारण या केसमधे माझाही वाटा आहे आणि तो लपवून लिहिलं तर या लिहिण्याला काही अर्थ नाही.

त्या दिवशी मुलगी घेऊन आली. म्हणाली, "डॉक्टर, आईला गिळता येत नाहीये, गेले तीन महिने. वजन साडेतीन किलो उतरलंय." मुलीच्या चेहऱ्यावर काय भीती होती ते लगेच कळत होतं, आणि खरं सांगायचं तर ६३ वय, गिळायला त्रास आणि उतरलेलं वजन हे तिन्ही एका वाक्यात आलं की माझ्या डोक्यातही पहिल्यांदा अन्ननलिकेचा कॅन्सरच येतो, आणि तो यायलाच पाहिजे.

पण मी काकूंना विचारलं, अडकतं म्हणजे नक्की कुठे अडकतं, बोट ठेवून दाखवा. त्यांनी छातीवर हात नाही ठेवला, घशावरही नाही. गालाला हात लावला. म्हणाल्या, "इथेच. घास तोंडातल्या तोंडात फिरतो नुसता. चावून चावून भुगा होतो पण खाली जात नाही, मग पाण्याचा घोट घेतला की जातो." पातळ काही दिलं तर? "सूप, दही, एकदम सरळ जातं." पाणी पिताना ठसका लागतो का, नाकातून येतं का? नाही. घास गेल्यावर छातीत अडकल्यासारखं, दुखल्यासारखं? नाही. महिन्यागणिक वाढत चाललंय का, म्हणजे आधी फक्त कोरडं अडकायचं आणि आता मऊ पण अडकतंय असं? तेही नाही.

गिळण्याच्या तक्रारीत अर्धं निदान या प्रश्नांतच असतं. अन्ननलिका अरुंद होत असेल तर घास घशाच्या खाली उतरतो आणि काही सेकंदांनी छातीत थांबतो, आणि हळूहळू मऊ अन्नही अडकायला लागतं. मेंदू किंवा नसांचा प्रॉब्लेम असेल तर उलट पाण्याचाच त्रास जास्त, ठसका लागतो, आवाज ओला होतो. आणि लाळ नसेल तर घास तयारच होत नाही. चावलेल्या अन्नाला एकत्र चिकटवून त्याचा मऊ निसरडा गोळा करायचं काम लाळेचं असतं, लाळेतलं पाणी ते भिजवतं आणि म्युसिन नावाचा बुळबुळीत पदार्थ त्याला बांधून ठेवतो, तो गोळाच झाला नाही तर जीभ मागे ढकलणार काय? कोरडा भुगा नुसता गालात आणि टाळूला चिकटून बसतो. काकू अगदी हेच सांगत होत्या.

तरीही एंडोस्कोपीची चिठ्ठी मी त्याच दिवशी दिली. या वयात वजन उतरलेलं असताना "तोंड कोरडं आहे म्हणूनच असेल" असं गृहीत धरून महिनाभर थांबणं मला पटत नाही. नवव्या दिवशी झाली, आत काही नव्हतं. पण तोपर्यंत बाकीचं काम थांबवायची काही गरज नव्हती.

मग तोंड बघितलं. टॉर्च आणि लाकडी पट्टी, एवढंच लागतं. पट्टी गालाच्या आतल्या बाजूला टेकवून काढायला गेलो तर ती चिकटली, कातडी तिच्याबरोबर ताणली जाऊन मग सुटली. जीभ वर करायला सांगितली, जिभेखाली एरवी लाळेचं छोटंसं तळं दिसतं ते नव्हतंच, फक्त कडेला पांढरा फेस होता. जीभ लालभडक आणि गुळगुळीत, मधे भेगा. ओठांचे दोन्ही कोपरे फाटलेले. वरच्या दाढांपाशी गालात लाळेच्या मोठ्या ग्रंथीचं तोंड असतं, गालावरून बाहेरून दाबत आणलं की तिथे स्वच्छ थेंब दिसायला हवा, उजवीकडे दिसलाच नाही, डावीकडे बराच वेळ दाबल्यावर एक आला. ग्रंथी सुजलेल्या नव्हत्या. आणि दात! हिरड्यांच्या कडेला, मुळाशी, दोन दात तपकिरी मऊ झालेले. वर्षभरापूर्वी हे नव्हतं.

पाण्याचा एक घोट व्यवस्थित गिळतात ना हे बघून घेतलं आणि मग एक साधी गोष्ट केली, अर्धं बिस्किट दिलं, पाणी न घेता खा म्हणालो. घड्याळ लावलं. पहिली वीस सेकंद नेहमीसारखं चावणं, मग चावणं सुरूच आणि गळ्याची हालचाल नाही, मग जीभ टाळूवर घासायला लागल्या, मग बोटाने गालातलं काढायला लागल्या. १ मिनिट ४० सेकंद झाली तरी तोंडात होतं. पाणी दिलं, एका घोटात साफ. मुलगी बघतच राहिली. मी तिला म्हटलं, गिळायचं यंत्र चालू आहे, वंगण नाहीये.

लाळ मोजलीसुद्धा. हे कुठल्याही दवाखान्यात जमतं आणि फार कमी लोक करतात. खाऊन-पिऊन तासभर झालेला हवा, सरळ बसायचं, डोकं किंचित पुढे, बोलायचं नाही, गिळायचं नाही, आणि पाच मिनिटं तोंडात जमेल तेवढी लाळ कपात सोडायची. मग सिरिंजने ओढून मोजायची. निरोगी माणसात काही न खाता मिनिटाला साधारण ०.३ मिली येते. ०.१ च्या खाली आली की खरोखरच कमी आहे असं म्हणतात. काकूंच्या पाच मिनिटांत ०.३ मिली जमली, म्हणजे मिनिटाला ०.०६. एरवी दिवसभरात अर्धा ते दीड लिटर लाळ आपण नकळत गिळत असतो, त्यावरून अंदाज येईल. यात अजून एक गोष्ट आहे. नेहमीची लाळ साधारण निम्म्यावर येईपर्यंत माणसाला कोरडं वाटतच नाही, त्यामुळे काकू तीन महिने म्हणत असल्या तरी सुरुवात त्याच्या बरीच आधी झालेली असणार.

आता का? इथे मी मुलीला म्हटलं घरी जा आणि आई ज्या ज्या गोळ्या घेते त्या सगळ्या पिशवीत घालून आण, डॉक्टरने दिलेल्या, मेडिकलमधून आणलेल्या, शेजारणीने दिलेल्या, सगळ्या. माझ्या फाईलमधे काय लिहिलंय ते मला माहीत होतं, पण फाईल आणि पिशवी सारखी असतेच असं नाही.

पिशवीत निघालं ते असं. मेटफॉर्मिन ५०० सकाळ-संध्याकाळ, नऊ-दहा वर्षं तीच. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन एकत्र असलेली गोळी. रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलिन २५, पायाची आग होते म्हणून १४ महिन्यांपूर्वी मी स्वतः सुरू केलेली. ऑक्सिब्युटिनिन ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ही माझ्या फाईलमधे नव्हती, पाच महिन्यांपूर्वी सारखी लघवी लागते म्हणून दुसऱ्या एका दवाखान्यातून मिळालेली. आणि सर्दीच्या गोळ्यांची अर्धी संपलेली स्ट्रिप, ज्यात क्लोरफेनिरामाइन होतं. काकू म्हणाल्या, "ती काय औषध नाही हो, शिंका यायच्या म्हणून आणलेली, रात्री एक घेतली की झोप छान लागते म्हणून घेते." किती दिवस? दोन महिने, रोज.

लाळग्रंथींना काम करायचा हुकूम नसांमधून मिळतो आणि तो हुकूम पोचवणारं रसायन म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन. ग्रंथीच्या पेशीवर त्याला बसायला जागा असते. अ‍ॅमिट्रिप्टिलिन, ऑक्सिब्युटिनिन, क्लोरफेनिरामाइन ही तिन्ही औषधं त्याच जागेवर जाऊन बसतात. एक पायाच्या आगीसाठी, एक लघवीच्या पिशवीसाठी, एक शिंकांसाठी, रोग तीन, डॉक्टर दोन आणि मेडिकलवाला एक, पण ग्रंथीच्या दृष्टीने तिन्ही एकच औषध आणि त्याचा तिप्पट डोस. हीच जागा डोळ्यात, आतड्यात आणि लघवीच्या पिशवीतही आहे. म्हणून मी विचारलं, बद्धकोष्ठ? तीन-चार महिने आहे. वाचताना धूसर? हो, चष्म्याचा नंबर बदलला असेल असं वाटलं. लघवी केल्यावर अजून शिल्लक आहे असं वाटतं का? हो. सोनोग्राफीत लघवी करून आल्यावरही पिशवीत १७० मिली उरलेली होती. म्हणजे लघवीसाठी दिलेल्या गोळीने पिशवी नीट रिकामी होणंच अडलं होतं.

पण मला जास्त अस्वस्थ केलं ते पुढच्या प्रश्नाने, की मुळात लघवी सारखी का लागत होती? ऑक्सिब्युटिनिन सुरू झाली तेव्हा कोणीच शुगर बघितलेली नव्हती, आणि माझ्याकडे त्याआधीची शेवटची तपासणी सात महिने जुनी होती. आता बघितली तर उपाशीपोटी २१४, जेवणानंतर ३२६, तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज देणारं एचबीएवनसी १०.१, लघवीत साखर तीन प्लस, कीटोन नाहीत. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की किडनीला ती सगळी परत ओढून घेता येत नाही, उरलेली लघवीत उतरते आणि जाताना पाणी सोबत घेऊन जाते. काकूंची लघवीची पिशवी चळवळी झाली नव्हती, तिच्यात खरोखरच जास्त लघवी येत होती. एका वेळेला किती होते आणि दिवसभरात एकूण किती होते एवढं दोन दिवस मापाने मोजून लिहून आणायला सांगितलं असतं तरी कळलं असतं. चळवळ्या पिशवीत दरवेळी थोडी थोडी होते, शुगर वाढलेली असेल तर दरवेळी भरपूर.

मग पुढचं सगळं एकातून एक. रात्री चार-पाच वेळा उठावं लागतं म्हणून काकूंनी संध्याकाळी पाचनंतर पाणी बंद केलं. दिवसाही घोट घोटच, बाहेर जायचं असेल तर तेही नाही. त्यात बीपीच्या गोळीतलं क्लोरथॅलिडोन आणखी पाणी काढतंय. बसलेलं बीपी १३८/८२, उभं करून दोन मिनिटांनी ११२/७४. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त पडला की तो पडलाच असं धरायचं, इथे २६ ने पडला, आणि काकू म्हणाल्या हो, सकाळी उठताना डोळ्यापुढे अंधारी येते. किडनीचे आकडे, युरिया ६८, क्रिएटिनिन १.३, आधी ते १.० च्या आसपास असायचं. या वयात हाताची कातडी चिमटीत धरून डिहायड्रेशन ठरवू नये, ती तशीही सैल असते, आणि तहानही वयाबरोबर मंदावते त्यामुळे "तहान लागत नाही" याचा अर्थ पाणी पुरेसं आहे असा होत नाही. उभं करून बीपी बघणं हे त्यापेक्षा जास्त कामाचं.

आणि तोंड कोरडं म्हणून काय करायच्या? दिवसभर पेपरमिंटच्या गोळ्या चघळायच्या, दहा-बारा, आणि घास उतरावा म्हणून जेवताना पॅकबंद फळांचा रस. एका गोळीत दोन-तीन ग्रॅम साखर धरली तरी बारा गोळ्यांची तीसेक ग्रॅम, रस वेगळा. म्हणजे शुगर वाढली म्हणून लघवी, लघवी म्हणून गोळी आणि पाणी कमी, त्यातून कोरडं तोंड, कोरड्या तोंडासाठी साखर, आणि साखरेने परत शुगर. औषधं, डिहायड्रेशन आणि डायबेटिस ही कोरड्या तोंडाची तीन कारणं पुस्तकात एकाखाली एक लिहिलेली असतात, काकूंच्या तोंडात ती एकमेकांना ढकलत होती, आणि लाळेविना साखर दातांवर बसून राहिल्याने मुळं किडली ती वेगळीच.

लाल गुळगुळीत जीभ आणि फाटलेले कोपरे, त्यात वरची काढता येणारी कवळी, ही बुरशीची लक्षणं. पांढरे डाग नसले म्हणजे बुरशी नाही असं नसतं, कवळीखाली ती लालच दिसते. पण तशीच जीभ बी १२ कमी असेल तरी होते आणि मेटफॉर्मिन अनेक वर्षं घेणाऱ्यांमधे बी १२ कमी होऊ शकतं, म्हणून ते पाठवलं. १६० आलं, कमीच. आता विचार करा, पायाची आग मी डायबेटिसच्या नसांची म्हणून धरली होती आणि त्यावर अ‍ॅमिट्रिप्टिलिन दिली होती, त्यात बी १२ चा किती वाटा होता ते १४ महिन्यांपूर्वी एक रक्ततपासणी करून बघता आलं असतं. ती मी केली नव्हती. हे मी काकूंना तसंच सांगितलं. डोळे पण चुरचुरत होते, त्यामुळे ज्यात शरीर स्वतःच्याच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर हल्ला करतं त्या स्योग्रेनचीही रक्ततपासणी केली, ती निगेटिव्ह आली, आणि पुढे औषधं गेल्यावर डोळेही सुधारले.

आता बंद काय करायचं आणि कोणत्या क्रमाने. सगळं एका दिवसात बदललं तर कशाने फरक पडला ते कळत नाही, आणि काही गोळ्या झटकन बंद करायच्याही नसतात. पहिल्या दिवशी सर्दीची गोळी आणि ऑक्सिब्युटिनिन बंद, या दोन्ही हळूहळू कमी कराव्या लागत नाहीत आणि पिशवीत १७० मिली उरत असताना दुसरी चालू ठेवणं धोक्याचंच होतं. बीपीच्या गोळीतलं क्लोरथॅलिडोन काढलं, नुसतं टेल्मिसार्टन ठेवलं. अ‍ॅमिट्रिप्टिलिनला त्या दिवशी हात लावला नाही. ती एकदम सोडली तर झोप उडते, मळमळतं, चिडचिड होते, आणि सगळा दोष नव्या उपचाराला लागतो. कोणी वाचताना आपली गोळी ओळखली असेल तर कृपा करून मनाने बंद करू नका, पिशवी उचला आणि ज्याने दिली त्याच्याकडे जा.

शुगरसाठी रात्रीचं लांब चालणारं इन्सुलिन १० युनिटने सुरू केलं आणि उपाशीपोटीचा आकडा बघत दर तीन दिवसांनी दोन-दोन युनिट वाढवलं. वजन उतरतंय आणि एचबीएवनसी १० च्या वर आहे तेव्हा नुसत्या गोळ्यांवर वेळ घालवायचा नव्हता. लघवीतून साखर काढणाऱ्या नव्या गोळ्या बऱ्याच जणांना चांगल्या लागू पडतात, पण त्यांनी लघवीही वाढते, आधीच सुकलेल्या माणसाला त्या सुरुवातीलाच देणं मला चुकीचं वाटलं. हृदय आणि किडनीचा तसा आजार नव्हता म्हणून पाणी दिवसभरात दोन लिटरच्या आसपास, त्यातला मोठा भाग संध्याकाळच्या आत. चघळायच्या गोळ्या बंद, त्याऐवजी झायलिटॉलचं बिनसाखरेचं च्युइंगम, जेवल्यावर. आंबट गोळ्यांनीही लाळ सुटते पण लाळ कमी असताना आम्ल दात खातं, म्हणून त्या नाही. रस नाही, प्रत्येक घासाला हवं तर पाणी. कवळी रात्री काढून स्वच्छ करून ठेवायची, तोंडात आणि कवळीच्या आतल्या बाजूला क्लोट्रिमाझोलचे थेंब १४ दिवस. बी १२ ची इंजेक्शनं. दातांच्या डॉक्टरकडे, जास्त फ्लोराइडच्या पेस्टसाठी आणि त्या दोन दातांसाठी.

एक गोष्ट मी मुद्दाम दोनदा सांगितली. गोळ्या बसूनच घ्यायच्या, आधी एक घोट पाणी तोंडात फिरवायचा, मग गोळी, मग पूर्ण ग्लास, आणि लगेच आडवं व्हायचं नाही. कोरड्या तोंडातून गेलेली गोळी अन्ननलिकेला चिकटून बसू शकते आणि तिथे जखम करते, डॉक्सिसायक्लिन, हाडांसाठीची अ‍ॅलेन्ड्रोनेट, दुखण्याच्या गोळ्या या बाबतीत जास्त त्रासदायक. तसंच छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी कोणाकडे असेल तर कोरड्या जिभेखाली ती नीट विरघळत नाही, आधी तोंड ओलं करून घ्यावं लागतं. काकूंना ती नव्हती, पण असणाऱ्यांना हे माहीत हवं.

चौथ्या दिवशी फोन. मुलगी म्हणाली, उठताना चक्कर येत नाही आता, पण तोंड तसंच आहे. दवाखान्यात बोलावलं, उभं राहून बीपी फक्त ८ ने पडलं, म्हणजे शरीरात पाणी भरलं होतं. पट्टी मात्र अजून चिकटत होती. कोरडेपणा निव्वळ पाणी कमी पडल्याचा असेल तर पाणी भरल्यावर तासांत किंवा एक-दोन दिवसांत तो जातो, आणि नाही गेला तर दुसरंही काहीतरी आहे. नुसतं "पाणी जास्त प्या" सांगून सोडलेले पेशंट इथेच अडकतात, बाटली हातात घेऊन फिरतात, घोट घेतला की मिनिटभर बरं वाटतं आणि परत तेच.

दहाव्या दिवशी काकू स्वतः म्हणाल्या की अर्धा फरक आहे. पोट साफ होतंय, अक्षरं नीट दिसतायत. त्यांची मोठी भीती होती की लघवीची गोळी बंद केल्यावर रात्रभर बाथरूममधेच राहावं लागेल. पहिले चार दिवस खरंच पाच वेळा उठल्या. मग उपाशीपोटीची शुगर १७० च्या खाली आल्यावर तीन वेळा, सहाव्या आठवड्यात एक किंवा दोन वेळा. पिशवीत उरणारी लघवी ६० मिलीवर आली. ज्या गोळीने लघवी थांबायला हवी होती ती बंद केल्यावर आणि शुगर उतरल्यावर लघवी थांबली, आणि माझ्या मते या सगळ्या केसचं निदान तिथे पक्कं झालं.

तिसऱ्या आठवड्यात अ‍ॅमिट्रिप्टिलिन २५ वरून १० केली, पाचव्यात बंद. आग थोडी परत आली म्हणून रात्री गॅबापेंटिन, किडनीचे आकडे बघून कमी डोसमधे. ड्युलोक्सेटिन देता आली असती पण तिनेही तोंड कोरडं पडू शकतं, त्यामुळे आत्ताच ती नको म्हटलं. मुलीने वाचून विचारलं होतं की लाळ वाढवायची गोळी असते ना, पायलोकार्पिन? असते, आणि रेडिएशननंतर किंवा स्योग्रेनमधे उपयोगी आहे. पण ती नेमकी त्याच जागेवर काम करते जी या औषधांनी अडवून ठेवली होती. एका हाताने दार दाबून धरायचं आणि दुसऱ्या हाताने ढकलायचं, आणि वर घाम, लघवी, दम्याचा त्रास असेल तर तो वाढणं. आधी दार सोडायचं.

आठव्या आठवड्यात परत कप आणि सिरिंज. पाच मिनिटांत १.२ मिली, म्हणजे मिनिटाला ०.२४. अर्धं बिस्किट पाण्याशिवाय ४५ सेकंदांत गेलं, शेवटी एकदा जीभ टाळूवर फिरवली तेवढंच. ओठांचे कोपरे भरून आले होते, जिभेवर बारीक खडबडीतपणा परत दिसत होता. युरिया ३४, क्रिएटिनिन १.०. वजन दोन किलो वर. तीन महिन्यांनी एचबीएवनसी ७.६.

पूर्ण बरं झालं का? नाही. ०.२४ म्हणजे निरोगी सरासरीच्या खालीच, आणि जुन्या डायबेटिसमधे ग्रंथींना जाणाऱ्या नसाच थोड्या कमकुवत होतात, तो भाग गोळ्या काढून परत येत नाही. पहाटे तोंड कोरडं पडतं, झोपेत लाळ तशीही फार कमी होते आणि काकू तोंड उघडं ठेवून झोपतात. त्यासाठी झोपताना तोंड ओलं ठेवणारं जेल लावतात, उशाशी पाणी असतं. दोन किडलेल्या दातांपैकी एक भरता आला, दुसरा काढावा लागला.

पिशवी आता दर तीन महिन्यांनी येते. मागच्या वेळी तिच्यात प्रवासात मळमळतं म्हणून आणलेल्या गोळ्यांची नवीन स्ट्रिप होती, दोन घेतलेल्या. काकूंनीच ती बाजूला काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "ही त्याच घरातली आहे का बघा, दोन दिवस बिस्किट परत चिकटायला लागलंय." त्याच घरातली होती.